योगा मॅट जितकी घासाल तितका वास का वाढतो

योगा मॅटला वास यायला लागला की आपल्याकडे ठरलेले तीन उपाय होतात. कुणी कपड्यांचा ब्रश घेऊन ती खसाखसा घासतं, कुणी बादलीत फिनाइलचं झाकण ओतून तीत बुडवून ठेवतं, आणि कुणी ती मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर दिवसभर टाकून येतं. तिन्ही उपायांनी दोन-चार दिवस मॅट बरी वाटते. मग वास परत येतो, आणि या वेळी तो साध्या पुसण्याने जात नाही. पुन्हा ब्रश, पुन्हा फिनाइल. वर्षभरात मॅटचा वरचा पापुद्रा पीठ होऊन पायाला चिकटायला लागतो आणि आपण म्हणतो, हल्ली वस्तूच टिकत नाहीत.

मॅट स्वस्त असेल तर त्यात थोडं तथ्य असतंच. पण वास परत येण्याचं मुख्य कारण म्हणजे धुताना आपण मॅटचा पृष्ठभाग फोडून ठेवलेला असतो. हे कसं होतं ते कळलं की काय करायचं आणि काय नाही, ते लक्षात ठेवावं लागत नाही.

आत काय असतं

बाजारातल्या बहुतेक मॅट पीव्हीसी, ईव्हीए किंवा टीपीई या प्लास्टिकसारख्या पदार्थांच्या फोमपासून बनतात. फोम म्हणजे बुडबुडे: पदार्थ पातळ असताना त्यात वायू तयार केला जातो आणि मग तो तसाच घट्ट होतो. या तीन प्रकारांत बहुतेक वेळा प्रत्येक बुडबुड्याची भिंत शाबूत असते, एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला वाट नसते. पार्सलला गुंडाळून येतो तो बबल रॅप आठवा; त्याच्यावर पाणी ओतलं तर ते वरून वाहून जातं. पण तेच फुगे फोडून ठेवले तर प्रत्येकात थेंबभर पाणी बसतं आणि ते पुसून निघत नाही.

मॅटचं नेमकं असंच आहे. नवीन मॅटमध्ये घाम आत जातच नाही, तो वरच राहतो. पृष्ठभाग घासला गेला, उन्हाने कडक होऊन तडकला किंवा एखाद्या द्रवाने विरघळून पातळ झाला, की सगळ्यात वरचे कप्पे उघडे पडतात. मग तिथे घाम, तेल आणि कातडीचे बारीक कण जाऊन बसतात, आणि कापड कितीही फिरवलं तरी त्या खळग्यांच्या तळाशी पोचत नाही. ब्रशचा केस पोचतो, पण तो जाताना शेजारचे आणखी चार कप्पे उघडून जातो. म्हणून घासलेली मॅट धुतल्या दिवशी स्वच्छ दिसते आणि महिन्याभराने आधीपेक्षा जास्त वास मारते.

कुठल्याही नव्या मॅटला एक जागा मात्र पहिल्यापासून उघडी असते, ती म्हणजे कडा. मॅट मोठ्या रोलमधून कापतात, तेव्हा कापलेल्या रेषेवरचे सगळे कप्पे अर्धे चिरलेले असतात. भिंगातून पाहिलं तर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. नाक लावून पाहा: बऱ्याचदा वासाची सुरुवात मॅटच्या मधून होत नाही, टोकाच्या कडेपासून होते. गुंडाळी करताना जे टोक सगळ्यात आत जातं, तिथे तर हवाही लागत नाही.

आपली मॅट कुठल्या जातीची आहे हे पाकिटावर लिहिलेलं नसेल, तर एक थेंब पाणी टाकून दहा मिनिटं थांबा. थेंब गोल तसाच राहिला तर कप्पे बंद आहेत. थेंब पसरून तिथे गडद डाग पडला तर फोम उघडा आहे किंवा वरचा पापुद्रा गेलेला आहे. हीच परीक्षा हात टेकतात ती जागा आणि मॅटचा न वापरलेला कोपरा अशा दोन्ही ठिकाणी करा. कोपऱ्यात थेंब टिकला आणि हातांच्या जागी मुरला, तर मॅट मुळात बंद कप्प्यांचीच होती आणि ती जागा झिजली आहे, हे उघड आहे.

वास कसला आहे ते आधी ओळखा

घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो. तळहात-तळपायांचा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. वास येतो तो त्यावर जगणाऱ्या जीवाणूंमुळे. तळपायांवर राहणारे जीवाणू घामातल्या आणि मेलेल्या कातडीतल्या एका अमिनो आम्लाचं रूपांतर आयसोव्हॅलेरिक आम्लात करतात. काढून ठेवलेल्या मोज्यांचा जो आंबूस वास असतो, तो मुख्यतः याच आम्लाचा. मॅटच्या पायाकडच्या बाजूला येणारा आंबट वास तोच.

डोक्याकडच्या बाजूचं प्रकरण वेगळं. तळहात आणि तळपायांना तेलग्रंथी नसतात, त्यामुळे मॅटवरचा चिकट, सरकता थर तिथून येत नाही. तो येतो कपाळावरून, केसांतून, चेहऱ्याला लागलेल्या हातांतून आणि लावलेल्या क्रीममधून. शशांकासनात कपाळ टेकतं, शवासनात तेल लावलेलं डोकं दहा मिनिटं एकाच जागी असतं. खोबरेल तेल त्यातल्या त्यात सहनशील, ते लवकर बिघडत नाही. बदामाचं तेल त्यामानाने हवेने लवकर खवट होतं. जुन्या मॅटच्या डोक्याकडे जो कळकट अर्धचंद्र दिसतो, त्याला हुंगून पाहिलं तर वास आंबट नसून खवट असतो.

तिसरा वास कुबट. पावसाळ्यात बंद कपाटातल्या कपड्यांना येतो तो. याचं कारण घाम नाही, ओल आहे. मॅट ओलसर असतानाच गुंडाळून पिशवीत ठेवली की हा वास येतो, आणि पुढे काळे ठिपकेही दिसू लागतात.

हे तीन वास वेगळे ओळखायचं कारण असं की त्यांचे उपाय वेगळे आहेत. खवट वासाला तेल सोडवणारं काहीतरी हवं. आंबट वासाला आम्ल मारणारं हवं. कुबट वासाला धुण्यापेक्षा वाळवणं हवं, आणि तिथे वारंवार धुणं म्हणजे दुखण्यालाच खुराक. नव्या मॅटला येणारा प्लास्टिकचा उग्र वास या तिन्हींत बसत नाही. तो पदार्थातूनच बाहेर पडत असतो, धुऊन जात नाही. हवेशीर सावलीत काही दिवस उलगडून ठेवली की आपोआप कमी होतो.

कशाने काय बिघडतं

पीव्हीसी मुळात कडक असते. घरातला पांढरा पाइपही पीव्हीसीचाच. ती मऊ आणि पकड देणारी व्हावी म्हणून मॅट बनवताना तिच्यात तेलासारखे पदार्थ मिसळतात, त्यांना प्लास्टिसायझर म्हणतात. ते पीव्हीसीला रासायनिक बंधाने जोडलेले नसतात, नुसते आत मुरलेले असतात. त्यामुळे अल्कोहोल त्यांना हळूहळू बाहेर ओढतं. करोनानंतर घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या राहिल्या, आणि रोज सरावानंतर मॅटवर दोन फवारे मारायची सवय अनेकांना लागली. एकदा-दोनदा मारल्याने काही होत नाही. रोज मारला तर काही महिन्यांनी मॅटची टोकं वर वळायला लागतात, घडी घातली की तिथे बारीक चिरा दिसतात. मॅट कडक झाली, चिरा पडल्या, कप्पे उघडले; पुढचं वर सांगितलंच आहे.

ईव्हीए आणि टीपीईचा मोठा शत्रू उष्णता. ईव्हीए फार कमी तापमानाला मऊ पडतं. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत मॅट राहिली तर ती आकसते, वाकडी होते आणि परत सरळ होत नाही. दोन रंगांच्या टीपीई मॅटमध्ये दोन थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते कडेने सुटू लागतात. उन्हाचं आणखी एक: अतिनील किरण पृष्ठभागावरच काम करतात. मॅट आतून ठीक राहते पण वरचा पापुद्रा ठिसूळ होतो, आणि आपल्याला सांभाळायचा असतो तो नेमका तोच. गोधडी, गाद्या, लोणच्याच्या बरण्या उन्हात घालण्याची आपली सवय चांगली आहे, पण फोम त्या यादीत बसत नाही. धुण्याचं पाणीही अंगाला सुखद लागेल एवढंच कोमट, त्याहून गरम नको.

सुगंधी तेलांचं तर फारच कौतुक होतं. टी ट्री तेलाचे थेंब, संत्र्याच्या सालीचं पाणी, लिंबाची सालं. नैसर्गिक रबराची मॅट असेल तर यांच्यापासून दूरच राहा. खात्री करायची असेल तर एक फुगा फुगवा आणि त्याच्याजवळ संत्र्याची साल दुमडून तिचा रस उडवा, फुगा फुटतो. सालीच्या तेलातलं लिमोनीन रबरात शिरून त्याला फुगवतं आणि कमजोर करतं. मॅट जाड असल्याने फुटत नाही, चिकट होत जाते. पांढऱ्या फिनाइलमध्ये पाइन तेल असतं, त्याचीही गत तीच. शिवाय फिनाइलचा वास आंबट वासात मिसळून जो काही तिसरा वास तयार होतो, तो मी तरी सहन करू शकत नाही.

ब्लीच तर नकोच. ते रंग घालवतं, पृष्ठभाग खातं, आणि कुणी उत्साहाने त्यात व्हिनेगर ओतलं तर बंद न्हाणीघरात क्लोरीन वायू तयार होतो, जो फुप्फुसाला घातक आहे.

आता साबण. इथे आपल्या पाण्याचा संबंध येतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. वडीच्या साबणाची या क्षारांशी गाठ पडली की पांढरट, न विरघळणारा चोथा तयार होतो. बादलीच्या कडेला जमतो तोच. मॅटवर तो नक्षीच्या खाचांत जाऊन बसतो, मॅट सरकती होते, आणि आपण समजतो अजून घाम निघाला नाही, म्हणून आणखी साबण लावतो. भांडी घासायच्या लिक्विडमधले घटक साबण नसतात, डिटर्जंट असतात. ते जड पाण्यातही बरे चालतात, तेल सोडवण्यासाठीच बनवलेले असतात आणि हाताला सोसवतील इतके सौम्य असतात. कपड्यांची पावडर जास्त अल्कधर्मी, आणि कपडे मऊ करणारा कंडिशनर तर मुद्दाम मागे थर ठेवण्यासाठीच असतो. मॅटवर मागे काही राहायला नको, एवढाच आपला हेतू आहे.

ठाण्यातली जांभळी मॅट

माझ्या वहिनींची मॅट हे या सगळ्याचं चांगलं उदाहरण. सहा मिलिमीटर जाडीची, जांभळ्या-करड्या दोन थरांची टीपीई मॅट, सोसायटीच्या हॉलमधल्या सकाळच्या वर्गाला रोज जाणारी. जुलैमध्ये तिला इतका वास यायला लागला की शेजारच्या बाईंनी जागा बदलली. "भाऊजी, फेकूनच देऊ का आता?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आधी ती दिवाणखान्यात पूर्ण उलगडली.

पायाकडे आंबट वास, डोक्याकडे तेलाचा पुसट गोल, आणि गुंडाळीच्या आतल्या टोकाला कुबटपणा. म्हणजे तिन्ही वास होते, पण वेगवेगळ्या जागी. थेंबाची परीक्षा केली: मधल्या भागात आणि डोक्याकडे थेंब टिकला, पायांच्या दोन जागी मात्र कडेने थोडा पसरला. तिथे टाचांची घासाघीस होते, त्यामुळे पापुद्रा पातळ झाला होता. मॅट वाचण्यासारखी होती. पांढरं ओलं फडकं एका कोपऱ्यावर हलकेच फिरवलं, त्यावर जांभळा रंग किंवा रवाळ कण आले नाहीत. ते आले असते तर पुढे काही करण्यात अर्थ नव्हता.

आधी डोक्याकडचा गोल. तेलाचा डाग सगळ्या मॅटबरोबर धुतला तर तेल सगळीकडे पसरतं, म्हणून तो आधी. जागा ओली केली, बोटाच्या टोकावर लिक्विडचा एक थेंब घेऊन गोल गोल फिरवला आणि दहा मिनिटं तसंच ठेवलं. हा थांबण्याचा वेळच खरं काम करतो. डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. तेलाचा थर सुटून त्याचे सूक्ष्म थेंब व्हायला वेळ लागतो. आपण तो वेळ देत नाही आणि त्याची भरपाई मनगटाच्या जोराने करतो. दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसलं तर फडक्यावर पिवळट करडी छटा उतरली. दुसऱ्यांदा तेच केलं, तेव्हा फडकं जवळजवळ स्वच्छ निघालं.

मग सगळी मॅट. न्हाणीघराची फरशी आधी धुऊन घेतली, कारण फरशीवरचं ॲसिड किंवा फिनाइल मॅटला लागलं तर सगळं मुसळ केरात. अर्धी बादली, म्हणजे साधारण सात-आठ लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा लिक्विड. एवढंसंच? हो, एवढंसंच. वहिनींचा हात आपोआप बाटलीकडे दुसऱ्यांदा गेला, पण जास्त लिक्विडने मॅट जास्त स्वच्छ होत नाही, फक्त धुऊन काढायला जास्त पाणी लागतं. मऊ सुती पंचा त्यात बुडवून एक बाजू लांबीच्या दिशेने पुसली, पाच मिनिटं थांबलो, मग उलटवून दुसरी. मॅट बादलीत बुडवून ठेवली नाही. बंद कप्प्यांत पाणी शिरत नसलं तरी कडांमधून शिरतं, आणि टीपीईच्या दोन थरांमधल्या सांध्यातूनही.

नंतर मग्ग्याने साधं पाणी ओतत राहिलो. पाणी स्वच्छ दिसणं पुरेसं नाही. ओला तळहात मॅटवर दाबून ओढून पाहायचा. तो सुळकन सरकला तर डिटर्जंट अजून आहे. अडखळत, किंचित किंचाळत सरकला तर निघालं. वहिनींच्या मॅटला पाणी दोनदा जास्त ओतावं लागलं, तेही पायाकडे, जिथे पापुद्रा झिजला होता.

आंबट वास यानंतर कमी झाला होता, पण पूर्ण गेला नव्हता. तिथे खायचा सोडा वापरला. लोक व्हिनेगर सुचवतात, पण ते स्वतःच आम्ल. आम्लाच्या वासावर दुसरं आम्ल घालून पहिल्याचा वास मरत नाही, तो तात्पुरता झाकला जातो. व्हिनेगरचा उपयोग जड पाण्याचे पांढरे डाग काढायला होतो: चार भाग पाण्यात एक भाग, आणि लगेच पाण्याने धुऊन. खायचा सोडा सौम्य अल्क आहे. तो आयसोव्हॅलेरिक आम्लाचं क्षारात रूपांतर करतो, आणि हा क्षार हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा सोडा पूर्ण विरघळवून फक्त पायाकडच्या दीड-दोन फुटांवर पुसला, दहा मिनिटांनी धुऊन काढला. विरघळवणं महत्त्वाचं, कारण कोरडी पावडर भुरभुरून घासली तर ती सॅंडपेपरचं काम करते. आणि हा खायचाच सोडा. धुण्याचा सोडा कितीतरी तीव्र असतो, त्याची इथे गरज नाही.

वाळवणं

इथपर्यंत तासभर गेला असेल. पुढे दोन दिवस लागले, आणि या दोन दिवसांत घाई झाली असती तर आधीचा तास वाया गेला असता.

मॅट पिळायची नसते. पिळल्याने दोन थर एकमेकांवर सरकतात आणि पडलेल्या सुरकुत्या राहतात. ती कोरड्या मोठ्या टॉवेलवर पसरली, टॉवेलसकट सैलसर गुंडाळली आणि गुंडाळीवर हातांनी दाबत एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेलो. टॉवेल चांगलाच ओला झाला. दुसरा कोरडा टॉवेल घेऊन पुन्हा तेच. मग मॅट उघड्या दाराच्या वरच्या कडेवर जाड चादरीची घडी ठेवून तिच्यावरून टाकली. कपड्यांच्या दोरीवर टाकू नका. दोरीची रेघ फोममध्ये कायमची उमटते. खोलीत पंखा चालू, मॅट उन्हापासून लांब. पाच-सहा तासांनी मॅट उलटवली आणि जो भाग दारावर होता तो खाली आणला, कारण तिथे हवा लागलेली नसते.

कोरड्या हवेत एका दिवसात काम होतं. ठाण्याच्या जुलैमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरून कोरडी वाटत होती, पण कडा अजून ओल्या होत्या. हे कळतं कसं? हाताचा मागचा भाग टेकवून. ओलं फडकं हवेपेक्षा थंड लागतं ना, तसंच ओली कड मधल्या भागापेक्षा थंड लागते. शंका असेल तर कोरडा टिशू पेपर कडेवर ठेवून वर एखादं जड पुस्तक ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पाहा. डाग उमटला तर अजून थांबायचं. वहिनींनी तिसऱ्या दिवशी सकाळी मॅट गुंडाळली. तोवर वर्गात त्या सतरंजी घेऊन गेल्या.

धुतल्यावरही पायाच्या दोन जागी नाक अगदी टेकवलं तर पुसट वास होता, आणि तो राहणारच. उघडलेले कप्पे पुन्हा बंद करता येत नाहीत. फरक एवढा की हातभर अंतरावरून तो येत नव्हता, आणि शेजारच्या बाई परत आपल्या जागेवर आल्या.

मधल्या दिवसांत

एवढं सगळं महिन्यातून एकदाही करायची गरज नाही, दोन-तीन महिन्यांतून पुरे. रोज सरावानंतर साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं सुती फडकं मॅटवरून फिरवायचं आणि ती निदान अर्धा तास उलगडीच ठेवायची. ताज्या घामाचं मीठ पाण्याने सहज निघतं. आठवड्यातून एकदा अर्ध्या लिटर पाण्यात लिक्विडचे दोन थेंब, मग दुसऱ्या साध्या ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. वर्गातून थेट ऑफिसला जाणाऱ्यांना मॅट अर्धा तास उलगडी ठेवता येत नाही हे मान्य. त्यांनी ती निदान पिशवीबाहेर, सैल गुंडाळून ठेवावी आणि घरी गेल्यावर उलगडावी. ज्यांना फार घाम येतो त्यांनी हातांखाली आणि डोक्याखाली पातळ टॉवेल घ्यावा. तो रोज वॉशिंग मशीनमध्ये जाऊ शकतो. मॅट जाऊ शकत नाही: फोम पाण्यावर तरंगतो, पिळताना ड्रम एका बाजूला जड होतो आणि मॅटचे लचके निघतात. केसांना तेल रात्री लावलं तर सकाळी डोक्याला रुमाल बांधून शवासन करावं, बस.

वरचं सगळं पीव्हीसी, ईव्हीए आणि टीपीईसाठी. नैसर्गिक रबराची मॅट वजनावरून ओळखता येते, तेवढ्याच आकाराची ती जवळपास दुप्पट जड लागते आणि तिला स्वतःचा टायरसारखा वास असतो. तिला पाणी आणि अगदी कणभर लिक्विड, एवढंच. ऊन तर अजिबात नको, आणि व्हिनेगरही बरेच उत्पादक नको म्हणतात. वर गुळगुळीत चामड्यासारखा पीयू नावाच्या प्लास्टिकचा थर असलेल्या महागड्या मॅट ओल मुद्दाम शोषून घेतात, म्हणून घामातही हात सरकत नाही. त्याची किंमत अशी की त्यांच्यात घाम खरोखरच आत जातो. त्या भिजवायच्या नाहीत, धुवायच्याही नाहीत. ओलसर फडक्याने पुसायच्या आणि जास्त काळ उलगड्या ठेवायच्या. कपाटात ठेवलेल्या बुटांचे तळवे पावसाळ्यानंतर चुरा होऊन गळतात, ते बऱ्याचदा याच पीयूचे असतात. ओल आणि उबदार हवा यांनी ते आतून तुटतं, आणि मॅटवरही तेच घडतं.

काळे ठिपके पृष्ठभागावर असतील तर लिक्विडने निघतात. कप्प्यांत शिरले असतील तर निघत नाहीत. ठिपका धुऊन, वाळवून आठवड्याभरात त्याच जागी परत दिसला, किंवा पुसताना फडक्यावर दरवेळी रवाळ कण येत असतील, तर मॅट संपली. तिचे तुकडे कापून बागेत गुडघे टेकायला किंवा सुटकेसच्या तळाशी घालायला वापरता येतात. कुठला पदार्थ आहे हे माहीत नसेल तर ती पीव्हीसी समजा आणि काही झालं तरी बंबात किंवा शेकोटीत घालू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, आणि तो डोळ्यांना आणि घशाला लगेच झोंबतो.